प्लास्टिकच्या डब्यात मुरलेला रंग आणि वास

प्रश्न: माझ्याकडे रोज वापरात असलेला एक प्लास्टिकचा जेवणाचा डबा आहे. मूळचा दुधी पारदर्शक, पण रस्सा नेऊन नेऊन तो आतून पिवळट नारिंगी झाला आहे. कितीही धुतला तरी आतल्या कोपऱ्यांत हाताला चिकट लागतो आणि झाकण लावून ठेवला की दुसऱ्या दिवशी कांदा-लसणाचा आणि शिळ्या तेलाचा वास येतो. लिंबू चोळून पाहिले, खाण्याचा सोडा लावून रात्रभर ठेवला, तारेच्या घासणीने घासला, उकळते पाणी ओतले. वास दोन दिवस कमी होतो आणि परत येतो. रंग तर हललाच नाही. डबा चांगला मजबूत आहे, टाकवत नाही. काय करावे?

उत्तर: तुमच्या डब्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र नांदत आहेत आणि तिघींना एकच उपाय लागू पडत नाही. कोपऱ्यांतला चिकटपणा हे पृष्ठभागावर बसलेले तेल आहे. पिवळा-नारिंगी रंग प्लास्टिकच्या आत शिरलेला आहे. आणि वास बहुतेक करून झाकणातून येतो आहे. आधी तेल, मग रंग आणि शेवटी वास हा क्रम पाळावा. तेल तसेच ठेवून डबा उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवला, तर ते तेल आणखी खवट होते आणि नवा वास तयार करते.

प्रथम डबा उलटा करून तळाशी त्रिकोणात कोणता आकडा आहे ते पाहावे. ५ असेल तर तो पॉलीप्रॉपिलीनचा आहे, आणि दुधी रंगाचे, किंचित लवचिक डबे बहुधा याच प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असते, म्हणजे घडणीने ते तेलाचेच दूरचे नातेवाईक. म्हणून त्यावर पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळतात, तेल मात्र पसरते आणि हळूहळू आत झिरपते. या साखळ्या काही भागांत घट्ट रचलेल्या, तर काही भागांत सैल असतात. सैल भागांतील साखळ्या नेहमीच्या तापमानालाही थोड्या हलत राहतात आणि गरम झाल्यावर त्यांच्यातील जागा आणखी मोकळी होते. हळदीचा रंग देणारे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. मिरचीचा आणि टोमॅटोचा लाल रंगही तसाच तेलाचा सोबती आहे. कढत रस्सा डब्यात ओतला की तेल या रंगांना बरोबर घेऊन प्लास्टिकच्या आत शिरते, आणि डबा निवला की रंग तिथेच अडकून राहतो. स्टील किंवा काचेत तेलाला अशी वाट मिळत नाही, म्हणून ती भांडी पिवळी पडत नाहीत.

आता तुमचे उपाय का फसले ते सहज समजेल. लिंबाचा रस आणि सोड्याचे पाणी ही दोन्ही शेवटी पाण्याची द्रावणे आहेत आणि पाणी या प्लास्टिकच्या आत जवळजवळ जात नाही. ती फक्त पृष्ठभागाशी पोहोचतात. शिवाय लिंबाची आम्लता हळदीच्या रंगाला धक्का लावत नाही, उलट आम्लात तो अधिक स्थिर असतो. उकळत्या पाण्याने प्लास्टिक सैल झाले, पण आत तेलाची पुटे होतीच, त्यामुळे त्यातला थोडा रंग आणखी खोल गेला असण्याचीच शक्यता जास्त. आणि तारेच्या घासणीबद्दल जरा स्पष्टच लिहितो: या सगळ्यांत खरे नुकसान तिनेच केले आहे. तिने पाडलेल्या बारीक चऱ्यांमध्ये तेल आणि अन्नाचे कण अडकतात, तिथे स्पंजही पोहोचत नाही आणि पुढच्या प्रत्येक रश्श्याला शिरायला जास्त पृष्ठभाग मिळतो. ती घासणी या डब्यापुरती कायमची बाजूला ठेवा.

तेल काढताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी नळाखाली डबा धरायचा, मग साबण लावायचा. असे केल्याने भांड्यांचा द्रव साबण पाण्यात पातळ होतो आणि तेलापर्यंत तो दुबळा होऊन पोहोचतो. त्याऐवजी डबा पूर्ण कोरडा असताना आतून कागदाने किंवा जुन्या सुती फडक्याने पुसून घ्यावा. मग कोरड्याच डब्यात द्रव साबणाचे चार-पाच थेंब टाकून बोटांनी किंवा मऊ स्पंजाने सगळीकडे, विशेषतः कोपऱ्यांत आणि काठाखालच्या खाचेत, चोळावेत आणि पाच मिनिटे तसेच ठेवावेत. त्यानंतर हाताला सोसेल इतके गरम पाणी थोडे थोडे घालत चोळावे आणि शेवटी भरपूर गरम पाण्याने धुवावे. थंड पाण्याने तेलाचा थर घट्ट होऊन पसरतो, म्हणून निदान या टप्प्यावर ते टाळावे.

तुमच्या कोपऱ्यांतला चिकटपणा मात्र एवढ्याने पूर्ण जाईलच असे नाही. अनेक महिने हवेच्या संपर्कात राहिलेले तेल दाट होत होत वार्निशसारखे चिवट बनते आणि मग साबण त्याला दाद देत नाही. अशा थरावर थोडे ताजे, बिनरंगाचे खाण्याचे तेल चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. ताजे तेल जुन्या थराला मऊ करते आणि वर वरच्या रंगातला काही भागही आपल्याकडे ओढून घेते. कागदाने पुसाल तेव्हा कागदावर पिवळी छटा उतरलेली दिसेल. तेलाचा डाग काढायला पुन्हा तेलच, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्यात रंग विरघळतो तेच त्याला बाहेर काढू शकते, आणि पाणी ते करू शकत नाही. कागद पिवळा होणे थांबेपर्यंत हे दोन-तीनदा करावे आणि नंतर वर सांगितल्याप्रमाणे कोरड्यावर साबण लावून धुवावे. तेल निघाले की नाही याची खूण सोपी आहे: ओल्या डब्याच्या आत बोट ओढले की ते घसरत नाही, अडखळते आणि किरकिर आवाज येतो. बोट सुळकन सरकत असेल, तर पुढे जाऊ नये.

रंगासाठी दोन साधने उपयोगी आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. पहिले म्हणजे कपड्यांचे डाग काढण्यासाठी मिळणारी ऑक्सिजन ब्लीचची पावडर. घटकांच्या यादीत सोडियम परकार्बोनेट हे नाव पाहून, सुगंध नसलेली पावडर घ्यावी. नाहीतर एका वासाच्या जागी दुसरा वास मुरवून बसाल. पाण्यात ही पावडर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा अशी विभागते. सोड्याचा अल्कधर्मीपणा हळदीच्या रंगाची रचना मोडायला लागतो, पेरॉक्साइड त्याचे ऑक्सिडीकरण करते, आणि उरलेल्या तेलाचाही समाचार घेतला जातो. तिला कोमट-गरम पाणी लागते, साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर उकळते पाणी आणि साधे पाणी सम प्रमाणात मिसळले की तापमान जवळपास तेवढेच भरते. १ लिटर पाण्याला एक सपाट मोठा चमचा पावडर विरघळवून, मोठ्या भांड्यात किंवा बादलीत डबा पूर्ण बुडवावा आणि दोन-तीन तास ठेवावा. द्रावण डब्यातच भरून झाकण लावण्याची चूक करू नये, कारण त्यातून ऑक्सिजन वायू सुटत असतो आणि बंद डबा फुगतो. हातमोजे घालावेत, आणि द्रावण दर वेळी नवे करावे. ठेवून दिलेल्या द्रावणाचा जोर काही तासांत संपतो.

डबा बुडवल्यानंतर सुरुवातीला पिवळा डाग उजळण्याऐवजी तांबूस-लाल होईल. घाबरू नये, हळद अल्कात लाल होते आणि द्रावण कामाला लागल्याचीच ती खूण आहे. ही लाली पुढे ओसरते. पण इथे एक मर्यादा समजून घ्यावी: हे द्रावणसुद्धा पाण्याचेच असल्यामुळे ते वरच्या वरच पोहोचते. ताजा डाग याने बऱ्यापैकी जातो, तुमच्यासारखा जुना डाग फिका होऊन थांबतो. त्याच्यापुढे तेच द्रावण अधिक तीव्र करण्यात अर्थ नाही, कारण अडचण तीव्रतेची नसून पोहोचण्याची आहे.

जिथे पाणी पोहोचत नाही तिथे प्रकाश पोहोचतो, आणि जुन्या पिवळ्या डब्याचा खरा उपाय ऊन हाच आहे. कर्क्युमिन प्रकाशात फार टिकत नाही. पिवळे दिसते म्हणजेच ते जांभळा-निळा प्रकाश शोषून घेते, आणि त्या ऊर्जेनेच त्याचे रेणू तुटतात. डबा अर्धपारदर्शक असल्याने प्रकाश प्लास्टिकच्या आतपर्यंत जातो. धुऊन कोरडा केलेला डबा झाकण काढून, आतली बाजू सूर्याकडे करून ठेवावा आणि दर दोन-तीन तासांनी फिरवावा, म्हणजे चारही भिंतींना सरळ ऊन मिळेल. कडक उन्हात एका दिवसात फरक दिसतो. ढगाळ हवेत किंवा खिडकीच्या काचेआड अधिक दिवस लागतात, पण काचेतून हा निळा प्रकाश येतच असल्यामुळे उपाय तिथेही चालतो. पिवळा आधी जातो आणि मिरची-टोमॅटोची नारिंगी छटा मागे रेंगाळते, हे पाहून उपाय निम्म्यावर सोडू नये.

काम होते आहे की नाही अशी शंका येईल, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्याला हळू होणारा बदल कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी डब्याच्या एका भिंतीवर, आतून आणि बाहेरून, काळ्या कागदाची दोन बोटे रुंद पट्टी चिकटवावी. दोन दिवसांनी ती काढली की झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी दिसतील. उघडा भाग स्पष्ट फिका असेल, तर पट्टी काढून ऊन चालू ठेवावे. दोन्ही भाग सारखेच असतील, तर तो रंग प्रकाशाला दाद देणारा नाही. कदाचित प्लास्टिकच वयाने पिवळे झाले आहे, आणि मग कोणताही उपाय करून उपयोग नाही. मात्र डाग गेल्यावरही डबा आठवडेच्या आठवडे उन्हात विसरू नये. ऊन या प्लास्टिकलाही हळूहळू ठिसूळ करते.

क्लोरीनचे ब्लीच आणि स्पिरिट यांबद्दल थोडक्यात. पातळ केलेले क्लोरीन ब्लीच रंग घालवते, पण त्याचाच वास डब्यात राहतो आणि ऑक्सिजन ब्लीचपेक्षा त्याने काही जास्त साधत नाही. तरी वापरायचेच झाले तर ते लिंबू, व्हिनेगर किंवा दुसऱ्या कोणत्याही स्वच्छकाबरोबर कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. स्पिरिटात हळद विरघळते, त्यामुळे कापसाच्या बोळ्याने एखादा ताजा ठिपका पुसायला ते चांगले आहे, फक्त विस्तवापासून दूर. डब्याच्या तळाशी ७ आकडा असेल आणि डबा काचेसारखा स्वच्छ व कडक असेल, तर तो पॉलीकार्बोनेटचा असू शकतो; त्याला स्पिरिट लावू नये आणि सोड्याच्या गरम पाण्यात फार वेळ ठेवू नये, त्याला बारीक तडे जातात.

आता वासाकडे येऊ. तुम्ही लिहिले आहे की वास दोन दिवस कमी होतो आणि परत येतो. बाहेरून कुठून तो येत नाही. प्लास्टिकमध्ये विरघळलेले कांदा-लसणाचे गंधकयुक्त पदार्थ आणि जुन्या तेलाचे खवट घटक हळूहळू बाहेर पडून बंद डब्यातल्या हवेत साठतात. धुतल्यावर पृष्ठभागावरचा साठा जातो, आतला शिल्लक राहतो. वास नेमका कोणत्या भागातून येतो हे आधी शोधावे, म्हणजे निम्मे कष्ट वाचतात. डबा, झाकण आणि झाकणाच्या खाचेतली रबरी चकती वेगवेगळी करावी. चकती चमच्याच्या दांड्यासारख्या बोथट वस्तूने उचलावी, सुरीने नव्हे, कारण तिच्यावर चिरा पडली तर डबा गळू लागतो. तिन्ही भाग धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि स्वच्छ काचेच्या बरण्यांत, किंवा वास नसलेल्या वेगवेगळ्या बंद भांड्यांत, रात्रभर ठेवावेत. सकाळी एकेक उघडून हुंगावे. बहुतेक वेळा डब्याची बरणी जवळपास निर्वास निघते आणि चकतीची बरणी उघडताच उत्तर मिळते. चकतीखालची खाच पाहिलीत तर तिथे तपकिरी, ओलसर थर बसलेला दिसेल. रोजच्या धुण्यात तिथे कोणी जात नाही.

ती खाच मऊ दातघासणीने, कोरड्यावर साबण लावून, साफ करावी. चकती सिलिकोनची असेल तर ती दहा मिनिटे पाण्यात उकळली तरी चालते, आणि उकळल्याने आतला वास बाहेर पडायला मदत होते. साध्या रबराची असेल किंवा खात्री नसेल, तर ती फक्त परकार्बोनेटच्या गरम पाण्यात तासभर ठेवावी. पेरॉक्साइड गंधकयुक्त वासांचे ऑक्सिडीकरण करत असल्यामुळे कांदा-लसणासाठी ते सोड्यापेक्षा चांगले. खाण्याचा सोडा प्रामुख्याने आम्लधर्मी वासांना शांत करतो, आणि व्हिनेगरचा खरा उपयोग मासळीच्या वासाला, कारण तो वास अल्कधर्मी घटकांचा असतो. तुमच्या तक्रारीला ही दोन्ही फारशी लागू नाहीत. एवढे करूनही चकतीला वास राहिला तर तिच्यावर अधिक वेळ घालवू नये. मापाची नवी चकती मिळत असेल तर बदलावी.

डब्याच्या आणि झाकणाच्या प्लास्टिकमध्ये मुरलेला वास ऊब आणि खेळती हवा या दोनच वाटांनी जातो. रंगासाठी ऊन दिलेच असेल तर त्यातच हे अर्धे काम होऊन जाते, कारण उन्हात प्लास्टिक तापते आणि आतले वास लवकर बाहेर पडतात. त्यानंतर डबा उघडा, उपडा न घालता, वारा लागेल अशा जागी चार-पाच दिवस ठेवावा. रोज झाकण लावून पुन्हा पुन्हा हुंगण्याने मात्र बाहेर आलेला वास परत आत शिरायला वेळ मिळतो. तेवढी उत्सुकता आवरावी. उघडा ठेवायला जागा नसेल तर डब्यात सक्रिय कोळशाची छोटी पुरचुंडी ठेवून झाकण लावावे, कोळसा वास धरून ठेवतो. कागदाचे बोळे ओलावा शोषतात आणि थोडा वासही, पण कोळशाइतका नाही.

तुमच्या डब्याबाबत एक गोष्ट अजून तपासायला हवी. डबा प्रकाशाकडे धरून, रस्सा जिथपर्यंत भरला जातो त्या रेषेजवळ नखाने हलकेच ओढून पाहावे. तिथे पांढुरकी, खरखरीत, किंचित खड्ड्यांची पट्टी लागत असेल, तर तो डाग नाही. मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना पाणी १०० अंशांपाशी उकळून थांबते, पण वर आलेले तेल त्याहून बरेच तापू शकते, आणि पॉलीप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळत असले तरी त्याच्या आधीच मऊ पडते. तवंगाच्या रेषेवर प्लास्टिक मऊ होऊन खरवडल्यासारखे होते आणि रंग त्या खड्ड्यांत रुतून बसतो. ही पट्टी कशानेही पूर्ववत होत नाही. ती रुंद असेल, किंवा तारेच्या घासणीने आतला सगळा पृष्ठभाग खरखरीत झाला असेल, किंवा कोपऱ्यांत बारीक तडे दिसत असतील, तर डबा कितीही मजबूत असला तरी रश्श्यासाठी वापरू नये. कोरड्या पदार्थांना किंवा खिळे-स्क्रू ठेवायला तो उत्तम चालेल. पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि नुसती फिकट पिवळी झाक उरली असेल, तर ती झाक आरोग्याला अपाय करत नाही. तेवढ्यासाठी डबा टाकू नये आणि घासतही बसू नये.

पुढे डबा भरताना रस्सा हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे, आणि गरम करायचा झाल्यास काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून मगच करावा. जेवण झाल्यावर धुण्याची सोय नसेल, तर निदान कागदाने तेल पुसून डबा बंद करावा. तेल जितका कमी वेळ भिंतीला लागून राहते, तितका रंग कमी आत जातो. आणि रात्री धुतल्यावर झाकण लावून फडताळात ठेवू नये, चकती खाचेतून काढून रात्रभर वेगळी वाळवावी.